मिरचीच्या पथारीवरचा लाल शर्ट

हिवाळ्यात नंदुरबार शहराच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. बाजार समितीत ओली लाल मिरची येते, व्यापारी ती घेतात आणि मोकळ्या जागेवर उन्हात वाळत घालतात. फोटो काढणाऱ्यांची ही आवडती जागा, कारण नजर जाईल तिथवर लालच लाल. पण त्या लालीत लाल शर्ट घातलेला माणूस उभा राहिला की तो हरवतो. चेहरा आणि हात तेवढे उठून दिसतात, धड मात्र मिरचीत मिसळून जातं. फोटो चांगला असतो, चेहऱ्यावरचा भावही नेमका असतो. शर्ट निळा असता तर, एवढंच वाटत राहतं.

फोनवर शर्टाचा रंग बदलणं अवघड नाही. अवघड आहे तो रंग शर्टापुरता ठेवणं. पथारीवरच्या फोटोत ही अडचण सर्वांत जास्त जाणवते, कारण गव्हाळ-सावळी त्वचा, लाल कापड आणि लाल मिरची ही तिन्ही एकाच रंगकुळातली. रंगावरून वस्तू ओळखणारं कोणतंही साधन इथे गोंधळतं. म्हणून या प्रकरणात हाच फोटो घेऊ : अर्ध्या बाह्यांचा लाल सुती शर्ट घातलेला तरुण, मागे मिरचीचा ढीग, पायाखाली पथारी, डोक्यावर दुपारचं ऊन.

साधन स्नॅपसीड. निक सॉफ्टवेअर या कंपनीने ते २०११ मध्ये आयपॅडसाठी काढलं. २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाअखेरीस ते अँड्रॉइडवर मोफत आलं. आपल्या कामाचा बदल झाला २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत. तेव्हापासून फोटोवर केलेली प्रत्येक क्रिया वेगळ्या थरासारखी साठवली जाते आणि तो थर नंतर हवा तेवढ्याच भागावर ठेवता येतो. आयफोनवर जून २०२५ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि पडद्याची मांडणी बदलली. खालच्या पायऱ्या अँड्रॉइडवरच्या दुसऱ्या आवृत्तीच्या आहेत.

बहुतेक जण आधी Selective उघडतात. नावावरून तेच योग्य वाटतं. शर्टावर बोट टेकवलं की तिथे एक बिंदू बसतो आणि दोन बोटांनी त्याचा परीघ लहान-मोठा करता येतो. हे साधन त्या बिंदूचा रंग आणि उजेड पाहतं आणि परिघाच्या आत त्याच्याशी जुळणारा जो भाग असेल, त्याच्यावर परिणाम करतं. हिरव्या झाडीपुढे लाल शर्ट असेल तर ते चांगलं चालतं. पथारीवर मात्र परिघात आलेली मिरची, ओठ, उन्हाने तांबूस झालेला कान, सगळंच त्याला शर्टासारखं वाटतं. शिवाय Selective मध्ये उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगाची गडदता आणि पोत एवढंच बदलता येतं. लालाचा निळा करणारी पट्टी त्यात नाहीच. Brush या साधनाचंही तसंच. त्यात उजेड, रंगाचा उबदारपणा आणि गडदता बोटाने रंगवता येते, पण नवा रंग देता येत नाही. हे साधन शेवटच्या डागडुजीला लागेल, तोवर बाजूला ठेवू.

दुसरी प्रचलित युक्ती White Balance ची. त्यातल्या दोन पट्ट्या टोकाला नेऊन सगळा फोटो निळसर करायचा आणि मग मास्क लावून तो परिणाम फक्त शर्टावर ठेवायचा. पांढुरक्या, राखी किंवा फिकट आकाशी कपड्यावर हे जमतं. लाल कापडावर का जमत नाही, हे आकड्यांवरून कळतं. फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी बनतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान असतो. आपल्या शर्टाचा उन्हातला एखादा ठिपका साधारण लाल १८०, हिरवा ४०, निळा ४५ असा धरू. White Balance ढोबळमानाने या आकड्यांना गुणतं. निळा दुप्पट केला तरी ९० च होतो आणि लाल अजून वरच राहतो. त्यामुळे शर्ट निळा न होता गुलाबी-जांभळा होतो. निळा आणखी जबरदस्तीने वर ओढला तर दुसरंच दुखणं उभं राहतं. लाल कापडाच्या घड्या, सुरकुत्या, शिवण हा सगळा तपशील लालच्या आकड्यात असतो. निळ्याच्या आकड्यात फारसं काही नसतं, असतो तो बराचसा कॅमेऱ्याचा खरखरीत दाणा. निळा ताणला की तो दाणाच मोठा होतो आणि कापड चिखल माखल्यासारखं दिसतं.

यावर उपाय म्हणजे मधे एक मुक्काम घेणं. आधी लाल काढून शर्ट राखाडी करायचा, मग त्या राखाडीला निळा करायचं. राखाडी करताना तिन्ही आकड्यांचं ठरावीक प्रमाणात मिश्रण होतं : लालचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११. आपल्या ठिपक्याचं उत्तर येतं साधारण ८२. म्हणजे शर्ट मध्यम-गडद राखाडी होतो आणि घड्यांचा उजेड-सावलीचा खेळ त्यात शाबूत राहतो. आता त्यातला लाल खाली आणि निळा वर नेला की ४५, ८२, १३० असा काहीसा निळा मिळतो. तो कापडासारखाच दिसतो.

इथे एक व्यवहाराची अडचण येते. राखाडी करणं हा एक थर, निळं करणं हा दुसरा. दोन्हींना वेगवेगळा मास्क लागेल. कॉलरची कड दोनदा बोटाने रंगवली की दोन्ही वेळा ती तंतोतंत एकाच जागी येणं शक्य नाही आणि जिथे चुकेल तिथे राखाडी किंवा जांभळी रेघ उमटेल. म्हणून दोन्ही क्रिया आधी अख्ख्या फोटोवर करून त्याची वेगळी प्रत जपायची आणि ती प्रत मूळ फोटोवर ठेवून एकदाच मास्क रंगवायचा. सगळ्या कामाची किल्ली हीच आहे.

मूळ फोटो उघडा. Tune Image मध्ये Saturation −१०० वर न्या, सगळा फोटो राखाडी होईल. बरोबरच्या खुणेवर टेकवून Curves उघडा. खाली रंगाची वाहिनी निवडण्याचं चिन्ह आहे, त्यातून Red घ्या आणि तिरप्या रेषेचा मध्य खाली ओढा. मग Blue घ्या आणि मध्य वर ओढा. फोटोतली मिरची, चेहरा, आकाश सगळं निळं होईल, तिकडे बघू नका. नजर फक्त शर्टावर ठेवा. मोहाने भडक निळा करू नका. पथारीवरच्या तिखट उन्हात सुती कापड थोडं विटकंच दिसतं. Curves च्या पट्टीवर आकडे दिसत नाहीत, त्यामुळे वरचे ४५, ८२, १३० हे दिशा कळण्यापुरतेच धरा. निळा मनासारखा झाला की Export मधून वेगळी प्रत काढा. त्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन आकार कमी होणार नाही आणि दर्जा सर्वांत वरचा आहे, एवढं पाहून घ्या. दोन्ही फोटोंची लांबी-रुंदी एकच असायला हवी, म्हणून या टप्प्यावर फोटो कापू किंवा फिरवू नका.

आता मूळ लाल फोटो पुन्हा नव्याने उघडा. Tools मधून Double Exposure घ्या, चित्र जोडण्याच्या चिन्हावर टेकवून निळी प्रत निवडा. ती आली की तिला बोटाने अजिबात हलवू नका, जागच्या जागी बसू द्या. थेंबाच्या चिन्हाखालची पट्टी टोकाला न्या, म्हणजे खालचा फोटो पूर्ण झाकला जाईल. बरोबरच्या खुणेवर टेकवा. मग वरच्या बाजूच्या थरांच्या चिन्हातून View edits उघडा, Double Exposure च्या ओळीवर टेकवा आणि मधलं ब्रशचं चिन्ह निवडा. पडद्यावर मूळ फोटो परत दिसू लागेल. घाबरायचं कारण नाही. निळी प्रत वर आहेच, फक्त मास्क रिकामा असल्याने ती कुठेच दिसत नाही. तळाशी Double Exposure च्या बाजूला १०० हा आकडा ठेवा आणि शर्टावर बोट फिरवायला लागा. बोट जाईल तिथे शर्ट निळा होत जाईल.

स्नॅपसीडच्या या ब्रशला आकाराची पट्टी नाही. पडद्यावरचा त्याचा आकार कायम तोच असतो, बदलतो तो फोटो किती मोठा करून पाहतोय यानुसार. फोटो पूर्ण दिसत असताना एका फटकाऱ्यात अर्धी छाती रंगते. दोन बोटांनी फोटो बराच मोठा केला की तोच ब्रश एका बटणाएवढा होतो. म्हणून काम दोन हप्त्यांत करावं. पहिल्यांदा फोटो थोडाच मोठा करून शर्टाचा मधला भाग रंगवावा आणि कडेला चांगली बोटभर जागा मोकळी सोडावी. मग फोटो भरपूर मोठा करून ती मोकळी पट्टी भरत कडेकडे जावं. ब्रशची कड मऊ असते, म्हणजे मध्यभागी परिणाम पूर्ण आणि बाहेर विरत जाणारा. रंग त्वचेवर सांडतो तो बहुतेक वेळा याच विरत्या कडेमुळे. बोट शर्टावरच असतं, पण ब्रशचा बाहेरचा मऊ भाग मानेवर पोचलेला असतो. फोटो जितका मोठा कराल तितका तो मऊ भाग प्रत्यक्षात अरुंद होतो. त्यामुळे सांडणं थांबवायला हात स्थिर असण्यापेक्षा झूम जास्त कामाला येतो.

रंग चुकून त्वचेवर गेलाच तर खालच्या बाणाने आकडा ० वर आणा आणि त्या जागेवरून बोट फिरवा. मूळ त्वचा परत येईल. हीच रीत शर्टावरच्या ज्या वस्तूंचा रंग बदलायचा नाही त्यांना लागू आहे. गळ्यातला ताईत शर्टावर रुळत असेल, पांढरी बटणं असतील, खिशाला पेन असेल, तर आधी सगळ्यावरून बेधडक निळा फिरवा आणि मग भरपूर झूम करून ० ने ती वस्तू परत आणा. वस्तू चुकवत रंगवण्यापेक्षा हे लवकर होतं.

मास्क कुठवर पोचला हे दाखवायला डोळ्याचं चिन्ह आहे. ते चालू केलं की रंगवलेला भाग लाल दिसतो. नेमकं इथेच पथारीवरचा फोटो दगा देतो, कारण लाल मिरचीवर सांडलेला लाल मास्क दिसणार कसा? म्हणून या फोटोत डोळ्याच्या चिन्हावर विसंबू नका. ते बंद ठेवून निळ्या रंगालाच साक्षीदार करा. निळा त्वचेवर आला की तिथे राखट-जांभळी झाक दिसते, जुन्या माराच्या वळासारखी. मिरचीवर आला तर एखादी मिरची सडल्यासारखी काळपट दिसते. कॉलर, दोन्ही बाह्यांची टोकं आणि कोपर शरीराला टेकलं असेल ती जागा, या ठिकाणी हमखास पाहावं.

आता कडेचा खरा प्रश्न. कितीही निगुतीने रंगवलं तरी शर्ट आणि मान यांच्या मधे एक बारीक पट्टा असा उरतो जो धड कापड नाही, धड त्वचाही नाही. याचं कारण फोटोच्या साठवणीत आहे. फोन साधारणपणे जेपीईजी फाइल बनवतो आणि त्यात उजेडाचा तपशील पूर्ण ठेवला, तरी रंगाचा तपशील सहसा निम्म्या लांबी-रुंदीत ठेवला जातो. चार शेजारी ठिपक्यांना मिळून एकच रंग मिळतो. त्यामुळे शर्टाचा लाल रंग फोटो काढला त्या क्षणीच मानेवर एक-दोन ठिपके सरकलेला असतो. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत, म्हणजे सुमारे ४००० बाय ३००० ठिपक्यांत, हे एक-दोन ठिपके डोळ्याला कळत नाहीत. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीने आला असेल तर तो आकाराने बराच लहान आणि जास्त दाबलेला असतो. तिथे हाच पट्टा चेहऱ्याच्या मानाने जाड होतो आणि कडा चौकटी-चौकटीच्या दिसतात. अशा फोटोवर मेहनत करू नये. ज्याने फोटो काढला त्याला सांगावं, ‘भाऊ, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव,’ म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी मिळते.

पट्टा उरणारच असेल तर तो कोणत्या बाजूला उरावा, हे मात्र आपल्या हातात आहे. मास्क थोडा आत थांबवला तर निळ्या शर्टाला बारीक लाल कड राहते. थोडा बाहेर गेला तर मानेवर राखट-निळी कड येते. माझं मत ठाम आहे : या फोटोत नेहमी आत थांबावं. सावळ्या मानेशेजारची बारीक लाल-तपकिरी रेघ सावलीसारखी वाटते, नजर तिच्यावरून घसरून जाते. मिरचीच्या बाजूला तर ती लाल कड मिरचीतच विरून जाते. त्वचेवरची निळी कड मात्र लहान पडद्यावरही खटकते, कारण माणसाच्या त्वचेचा रंग आपण फार बारकाईने ओळखतो. मूळ शर्ट निळा किंवा हिरवा असता आणि तो लाल करायचा असता, तर हाच सल्ला उलटा पडला असता. मानेलगत उरलेली हिरवी कड लपत नाही. तिथे मास्क कडेपर्यंत न्यावा लागतो आणि तरीही उरलेल्या कडेवर Brush मधलं Saturation उणे करून रंग मारावा लागतो.

कड फार कापल्यासारखी दिसत असेल, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी, तर आकडा ५० किंवा २५ वर आणून भरपूर झूममध्ये फक्त कडेवरून एकदा फिरवा. केस, दाढीची टोकं किंवा विरळ विणीचा गमछा जिथे शर्टावर आला असेल तिथेही हेच. दाढीच्या केसांमधून दिसणारं कापड पूर्ण निळं करायला गेलात तर केसही निळे होतात. अर्ध्या ताकदीवर सोडलेलं चांगलं. यापलीकडे बोटाने होत नाही, ही या साधनाची मर्यादा आहे. लांब मोकळे केस खांद्यावर पसरलेला फोटो असेल तर हे काम फोनवर घेऊच नये.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण पाहत नाहीत. उन्हात लाल शर्टावर पडलेला उजेड परत वर फेकला जातो आणि हनुवटीच्या खाली, गळ्याच्या कडेला लालसर झाक देतो. शर्ट निळा झाला तरी ती झाक तशीच राहते. घराच्या अंगणात काढलेल्या फोटोत ती खोटी वाटते, कारण निळ्या कापडावरून लाल उजेड येणार नाही. तिथे Brush मधलं Saturation −५ वर घेऊन हनुवटीखालून एक हलका हात फिरवावा. पथारीवरच्या फोटोत मात्र हात लावू नका. तिथे जमिनीवर पसरलेली मिरची अजून लालच आहे आणि लाल उजेड तिच्याकडूनही येतोय. ती झाक काढली तर माणूस तिथे उभाच नव्हता असं वाटेल.

शर्टाच्या उलट्या टोकांविषयी थोडं. पांढरा शर्ट रंगवताना राखाडी करायची पायरी लागत नाही. Curves मध्ये Red आणि Green च्या रेषांचं उजवं वरचं टोक खाली ओढलं की पांढरा थेट निळा होतो. पण उन्हात जिथे पांढरा पूर्ण फुटलेला आहे, घडी दिसतच नाही, तिथे रंगाचं सपाट ठिगळ येतं. जो तपशील मुळात टिपलाच गेला नाही, तो कोणतीही रेष परत आणत नाही. काळ्या शर्टाला रंग द्यायचा तर आधी तो उजळावा लागतो आणि उजळला की दाणा वर येतो. काळ्याचा गडद निळा होतो, पिवळा होत नाही.

काम झाल्यावर बरोबरच्या खुणेवर टेकवून बाहेर या. फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ दिसतो, सोडलं की बदललेला. हे दोन-चारदा करताना शर्टाकडे पाहू नका, मानेकडे आणि हातांकडे पाहा. दाबल्या-सोडल्यावर त्वचेचा रंग जागचा हलला नाही, तर मास्क बरोबर बसला. हलताना दिसला तर View edits मधून पुन्हा त्याच ब्रशवर जा आणि ० ने तेवढी जागा साफ करा. फोन बाजूला ठेवून थोड्या वेळाने, उजेड पूर्ण वाढवून एकदा परत पाहावं. पडदा मंद असताना मानेवरची निळी झाक सुटून जाते.

लग्नाच्या अल्बमला, दुकानाच्या फलकाला किंवा स्वतःच्या आठवणीला असा बदल चालतो. पासपोर्टच्या किंवा सरकारी अर्जाच्या फोटोला, तसंच बातमीसोबत जाणाऱ्या फोटोला तो करू नका. आणि पथारीवर ज्याचा फोटो काढलात त्याला शर्टाचा रंग बदलल्याचं सांगून मूळ फोटोही त्याच्या फोनवर पाठवा.